अर्धा दिवस मी कुठे होतो?

गेल्या महिन्यात माझ्या पगारातून ३५० रुपये गेले. पगारपत्रकात कारण लिहिलं होतं, 'विनावेतन अर्धा दिवस'. त्या अर्ध्या दिवसात मी होतो कुठे, हे मात्र मलाच माहीत नव्हतं. म्हणून मी शोध सुरू केला.

आमच्या ऑफिसची वेळ साडेनऊ. दहा मिनिटं माफ. नऊ चाळीसनंतर अंगठा उमटला की लेट मार्क, आणि तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कट.

पहिला मार्क पाण्याचा. आमच्याकडे जुळे सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि ते आमच्या ऑफिसची वेळ विचारून येत नाही. त्या दिवशी ते आठला आलं. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून मी नऊ एक्केचाळीसला पोचलो. दुसरा उसाचा. होटगी रोडवर ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागे मी, आणि वरून एकेक कांडं माझ्या हेल्मेटवर. नऊ त्रेचाळीस. तिसरा मार्क मात्र शेंगाचटणीचा. त्या दिवशी मी नऊ अडतीसला दारात उभा होतो. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, ते दाबून बसवताना अंगठ्याला तेल लागलं. मशीनमधली बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." मी अंगठा पँटला पुसला. प्लीज ट्राय अगेन. मागे सात जणांची रांग. "काय बे, दुसरं बोट लाव की!" दुसरं बोट नोंदवलेलंच नव्हतं. चौथ्या खेपेला बाई "थँक यू" म्हणाली तेव्हा नऊ बेचाळीस झाले होते.

आता हिशोब बघा. पगार १८,२००. सव्वीस दिवसांनी भागला की रोज ७००, अर्धा दिवस ३५०. जेवणाची सुट्टी सोडून काम आठ तास, म्हणजे मिनिटाला साधारण १ रुपया ४६ पैसे. माफीची दहा मिनिटंही धरली तरी माझा उशीर अकरा, तेरा आणि बारा, एकूण छत्तीस मिनिटं. त्याचे होतात साडेबावन्न रुपये. उरलेले २९७ रुपये ५० पैसे कशाचे?

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेले आमचे शेजारचे काका म्हणाले, "अरे, गैरहजेरीबद्दल कापायचं तर जेवढा वेळ नव्हतास तेवढ्याच प्रमाणात. १९३६ च्या वेतन कायद्यात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. जास्त कापलं तर तो दंड. आणि दंड करायचा तर आधी तुझं म्हणणं ऐकायचं, रजिस्टरात लिहायचं, महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांवर जायचं नाही. शिवाय दंडाचा पैसा कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी एचआरच्या मॅडमसमोर उभा.

"मॅडम, हा दंड आहे का?"

"छे छे, आपण दंड करत नाही. ही अर्ध्या दिवसाची गैरहजेरी."

"पण मी त्या तिन्ही दिवशी सहापर्यंत होतो."

"होतात हो. पण सिस्टीममध्ये नव्हतात."

"बरं, मग दंडच म्हणा. त्या पैशातून आम्हाला चहा तरी मिळेल."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चौथा लेट मार्क माझ्या कपाळावरच मारावा. "पॉलिसी आहे," एवढंच म्हणाल्या आणि फोन उचलला. तो वाजला नव्हता.

पॉलिसी तर पॉलिसी. या महिन्यात दोन मार्क होऊन गेले होते आणि तिसऱ्या दिवशी नऊ छत्तीसला मी पुन्हा उसामागे. एकदम उजेड पडला! आता धावत जाऊन बेचाळीसला पोचलो तर अर्धा दिवस कट. दुपारी गेलो तरी अर्धाच दिवस कट. मग साडेतीन तास फुकट का राबायचं? गाडी वळवली. वाटेत कांदाभजी खाल्ली, मालकासारखी. आपले पैसे आपणच वसूल करतोय या आनंदात घरी पोचलो, तर दारातच बायको.

"बरं झालं आलात! आत्ताच पाणी आलंय. वरची टाकी भरायचीय, मोटार जळालीय."

तीन तास बादल्या चढवल्या. दुपारच्या पाळीची हजेरी दीडच्या आत, नाहीतर पूर्ण दिवस कट. एक सत्तावीसला मशीनपुढे पोचलो. पाण्यात भिजून मनुक्यासारखा सुरकुतलेला अंगठा काचेवर ठेवला.

"प्लीज ट्राय अगेन."