«झिरो बाइट» पेनड्राइव्हच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ग्राहकाचा रिव्ह्यू, 1 स्टार: «लॅपटॉपमधून मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पेनड्राइव्हवर कट-पेस्ट करत होतो. पारोळ्याची बस निघत होती म्हणून मध्येच काढला. नंतर झिरो बाइट दाखवायला लागला. यांनी पाच मिनिटं बघून आमच्याकडे होणार नाही सांगितलं आणि 150 रुपये घेतले. दुसऱ्या दुकानात 300 रुपयांत अर्ध्या तासात चालू झाला, फक्त फोटो आले नाहीत. काम येत नाही तर दुकान कशाला उघडलं?»

भाऊ, नमस्कार. आधी आमची चूक सांगतो. तपासणीचे 150 रुपये लागतात हे काउंटरवरच्या मुलाने पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी सांगायला हवं होतं. आखाजीच्या आदल्या दिवशीची गर्दी होती, पण ते कारण चालणार नाही. तुमचे पैसे परत मिळतील.

«होणार नाही» हे मात्र अर्धंच वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं. उरलेलं अर्धं मी नीट समजावलं नाही, ते इथे लिहितो.

तुमच्यासमोर आम्ही दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर हे चालवलं होतं:

```
diskpart
list disk
```

दोन्हीकडे `No Media` आणि `0 B` आलं. त्याऐवजी साइज नीट दिसून `list volume` ला `RAW` आलं असतं, तर फक्त फाइल सिस्टीम बिघडली असं समजून आम्ही रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं असतं आणि बरेचसे फोटो बहुधा त्याच दिवशी दिले असते. `No Media` चं प्रकरण वेगळं आहे. पेनड्राइव्हमध्ये एक मेमरी चिप असते आणि तिच्यावर हुकूम चालवणारा कंट्रोलर असतो. एकाच फोटोचे तुकडे चिपवर इथे-तिथे पडलेले असतात. कोणता तुकडा कुठे आहे याचा नकाशा कंट्रोलर ठेवतो, तोही त्याच चिपवर, आणि कॉपी चालू असताना तो सतत बदलत असतो. नेमकं त्याच वेळी तुम्ही ओढून काढला, वीज गेली आणि नकाशा अर्धवट राहिला. आता कंट्रोलर कॉम्प्युटरला «मी आहे» एवढंच सांगतो, चिपपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर त्यात काही वाचू शकत नाही.

शेतकरी माणसाला सांगायचं तर शेत जागेवर आहे, तलाठ्याचं दप्तर फाटलं.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक म्हणजे त्या कंट्रोलरच्या कंपनीचं फॅक्टरी टूल चालवणं. ते चिप पुसून खराब ब्लॉक वगळतं आणि नवा नकाशा तयार करतं. पेनड्राइव्ह पुन्हा 32 जीबी दाखवतो, पण रिकामा. दुसऱ्या दुकानात बहुधा हेच झालं. हे टूल आमच्याकडेही आहे आणि ज्याला डेटा नको असतो त्याला आम्हीही लावून देतो. तुम्ही आल्या आल्या «फोटो पाहिजेत, पेनड्राइव्ह गेला तरी चालेल» म्हणालात, म्हणून मी त्याला हात लावला नाही.

दुसरा रस्ता म्हणजे मेमरी चिप सोल्डर काढून बाहेर घ्यायची, रीडरवर सगळी वाचायची आणि तुकडे हाताने जुळवायचे. त्याचं मशीन माझ्याकडे नाही. म्हणून मी लॅबकडे पाठवा म्हणालो, आणि खर्च पेनड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट येईल हेही सांगितलं. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये चिप वेगळी बसवलेली होती, उघडून तुम्हाला दाखवलीही होती, म्हणून लॅबला वाव होता. फॅक्टरी टूल फिरल्यावर तो वाव बहुतेक संपतो. त्या दुकानदाराला दोष देत नाही, त्याला चालू करून द्या म्हटलं, त्याने चालू करून दिला.

पण रिव्ह्यूमधला एक शब्द माझ्या आत्ता ध्यानात आला. तुम्ही कट-पेस्ट केलं होतं. तेव्हा मी विचारलंच नाही, ही दुसरी चूक. कट केलं की विंडोज आधी फाइल पेनड्राइव्हवर उतरवतं आणि मग लॅपटॉपवरची काढून टाकतं, रिसायकल बिनमध्येही टाकत नाही. म्हणजे उतरायचे राहिलेले फोटो लॅपटॉपच्या मूळ फोल्डरमध्ये अजून असतील, तो आधी उघडून बघा. जे निघून गेले, तेही हार्ड डिस्कवर त्यांच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतात. लॅपटॉप जुना, फिरत्या डिस्कवाला असेल तर बरीच आशा आहे. एसएसडी असेल तर कमी, कारण ती काढलेल्या फाइलींची जागा आपणहून मोकळी करून टाकते.

तेव्हा फोल्डर बघून झाला की लॅपटॉप बंद ठेवा. त्याच्यावर गाणी उतरवू नका, आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तर मुळीच टाकू नका, ते नेमकं त्याच रिकाम्या जागेवर जाऊन बसेल. आम्ही डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावू, आधी तिची पूर्ण नक्कल घेऊ आणि शोध त्या नकलेवर करू. फोटो निघाले नाहीत तर पैसे नाहीत, आणि तपासणी या वेळी फुकट. शुक्रवार सोडून कधीही या, सकाळी 11 नंतर. फोटोंचं मूळ फोल्डर कोणतं होतं ते आठवून या, शोधायला तेवढंच सोपं जाईल.