मोडलेला जबडा घरी बसवायचा नसतो

*"अपघातात जबडा मोडला किंवा निखळला तर डॉक्टरची वाट पाहू नका. १) रुग्णाला सपाट उताणे झोपवा. २) दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली व मागे दाबा, 'कट्' आवाज आला की जबडा बसला. ३) ओढणीने हनुवटीपासून डोक्यापर्यंत गच्च बांधा. ४) गरम हळदीचे दूध पाजा. ५) सूज आल्यास तेल चोळून शेक द्या. पुढे पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल."*

हा मेसेज परवा माझ्या मावशीने पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ गं, बरोबर आहे ना? प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय." तिचा नातू रोज तीस किलोमीटर मोटरसायकलवर कॉलेजला जातो. मी तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, बरीच वर्षं रात्रीच्या कॅज्युअल्टीत असे चेहरे पाहिलेत. मावशीला फोन करून कागद फाडायला लावला, पण तोवर तिने तो तीन ग्रुपांवर टाकलेला होता. म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात घातक सल्ला पहिला आणि तिसरा आहे, आणि दोन्ही एकत्र केले तर जीव जाऊ शकतो. त्याचं कारण हाडात कमी आणि जिभेत जास्त आहे. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. जीभ पुढे धरून ठेवणारा मुख्य स्नायू या नालेच्या अगदी मधोमध, हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. हनुवटीवर जोरात मार बसला की नाल बऱ्याचदा दोन ठिकाणी मोडते. हनुवटीच्या डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना मोडली तर मधला तुकडा सुटा होतो. स्नायू तो खाली आणि मागे ओढतात आणि त्याच्याबरोबर जीभही मागे जाते. माणूस बसलेला, पुढे वाकलेला असेल तर जीभ, रक्त, लाळ सगळं पुढे येतं. त्यालाच उताणं झोपवलं की जीभ घशावर पडते आणि रक्त श्वासाच्या वाटेवर साचतं.

ऊसतोडीच्या दिवसांतली एक रात्र सांगते. बावीस वर्षांचा मुलगा, मोटरसायकलवरून मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळलेला. हनुवटी फाटलेली, खालचे पुढचे दात वरखाली झालेले. आणणाऱ्यांनी भल्या मनानेच त्याला जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं होतं आणि हनुवटीखालून डोक्यावर गमछा गच्च आवळला होता. वाटेत तो हातपाय झाडायला लागला. "वेदनेने तडफडतोय" असं वाटून दोघांनी त्याला धरून ठेवलं. तो वेदनेने नव्हे, हवेसाठी झगडत होता. दारात पोचला तेव्हा ओठ निळे पडत होते आणि घशातून घुरघुर येत होती. गमछा कापला, त्याला बसवून पुढे झुकवलं, सक्शनने रक्त ओढलं आणि हनुवटीचा तुकडा हाताने पुढे धरला. तेवढ्यानेच त्याने मोठा श्वास घेतला. सीटी स्कॅनमध्ये हनुवटीच्या दोन्ही बाजूंना फ्रॅक्चर दिसलं. प्लेटा बसवल्या त्या चौथ्या दिवशी, सूज उतरल्यावर. जीव मात्र त्या जीपमध्येच गेला असता.

म्हणून असा माणूस शुद्धीत असेल तर त्याला बसवा, पुढे झुकू द्या, कोपरं मांडीवर टेकू द्या. तोंडातलं रक्त बाहेर गळू द्या. ते गिळू नकोस, थुंक, असं सांगा, कारण पोटात गेलेल्या रक्ताने उलटी होते. तो स्वतःहून ज्या स्थितीत नीट श्वास घेतोय ती बदलू नका आणि "आडवा हो" म्हणून बळजबरी तर अजिबात नको.

बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर त्याला एका कुशीवर वळवा, तोंड जमिनीच्या बाजूला झुकलेलं, म्हणजे रक्त बाहेर जाईल. जबड्याला एवढा मार बसलाय म्हणजे मानेलाही बसलेला असू शकतो. म्हणून दोघातिघांनी मिळून डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून वळवा, मान एकटी पिळू नका. तरीही घुरघुर येत असेल तर हनुवटी बाहेरून धरून हळूच पुढे ओढा. मेसेजमध्ये दिलेल्या दिशेच्या नेमकी उलट. हेल्मेट घातलेलं असेल आणि श्वास ठीक असेल तर ते तसंच राहू द्या. श्वासच अडत असेल तर मात्र काढावं लागतं, तेही एकाने मान स्थिर धरल्यावर.

आता बांधण्याबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस हे सामान्य लोकांसाठीचं माहितीस्थळ आहे. मोडलेल्या किंवा निखळलेल्या जबड्यासाठी तिथे पट्टीचा उल्लेख आहे. पण क्रम पाहा: आधी सांगितलंय की हॉस्पिटलला जाताना जबडा हातांनी हलकेच आधार देऊन धरा. पट्टी हा त्यानंतरचा पर्याय आहे आणि तिच्यासोबत अट आहे, उलटी आली तर चटकन काढता येईल अशी ती असावी. जबडा स्वतः सरळ करायला जाऊ नका, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने पट्टी तेवढी उचलली आणि अट टाकून दिली.

माझं स्वतःचं मत अजून कडक आहे. तोंडातून रक्त येत असेल, मळमळत असेल, दारू प्यायलेली असेल किंवा गुंगी असेल तर पट्टी नकोच. घाटातल्या वळणांवर आणि खड्ड्यांत उलटी कधी येईल सांगता येत नाही, आणि तोंड बांधलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. त्याचेच दोन्ही तळवे किंवा घडी केलेला मऊ टॉवेल हनुवटीखाली पुरतो. बांधलंच तर एका ओढीत सुटेल अशी सैल गाठ, आणि हनुवटी मागे दाबली जाणार नाही याकडे लक्ष.

दुसऱ्या मुद्द्यातही अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. अंगठ्यांची ती पद्धत खरी आहे, आम्ही ती वापरतो. पण कुणासाठी? जांभई देताना, उलटी करताना किंवा दाढ काढताना तोंड फार उघडलं आणि मिटेनासं झालं, त्या माणसासाठी. त्यात जबड्याचा गोळा कानासमोरच्या सांध्यातून पुढे सरकून अडकलेला असतो, तोंड उघडंच राहतं, लाळ गळते, बोलता येत नाही. तिथेही आम्ही अंगठ्यांना गॉज गुंडाळतो, कारण जबडा बसताना दात खटकन मिटतात. बऱ्याचदा आधी वेदनाशामक किंवा स्नायू सैल करणारं औषध द्यावं लागतं.

अपघातात गोष्ट वेगळी असते. हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर जातो आणि कानासमोरच्या गोळ्याखालची बारीक मान मोडतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: हनुवटी वाकडी, दात न जुळणारे. एका बाजूने निखळलं तर हनुवटी सहसा चांगल्या बाजूला झुकते आणि एका बाजूची ही हाडाची मान मोडली तर मोडलेल्या बाजूला. रस्त्यावर, रक्ताने माखलेल्या चेहऱ्यावर हा फरक कुणी ओळखायच्या फंदात पडू नये, मी स्वतःही एक्स-रे किंवा सीटी पाहिल्याशिवाय हात घालत नाही. मोडलेल्या हाडावर अंगठे दाबले तर तुकडे अजून सरकतात, हिरडी फाटते, आणि हाडाच्या आतून खालच्या ओठाकडे जाणारी नस चिरडू शकते. मग "ओठ बधिर झालाय, जेवताना घास बाहेर पडतो ते कळत नाही" ही तक्रार महिनोन् महिने राहते. आणि तो 'कट्' आवाज? मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर घासली तरी तसाच येतो.

घाईचं कारणही नाही. फ्रॅक्चर काही दिवसांनी बसवलं तरी चालतं, त्या मुलाचं चौथ्या दिवशीच झालं. निखळलेला जबडा त्याच दिवशी बसवलेला बरा, कारण वेळ जाईल तसे स्नायू आखडतात, पण दवाखान्यापर्यंतचा तास-दोन तास त्यात सहज बसतो. थांबता येत नाही ते फक्त श्वासासाठी आणि रक्तस्रावासाठी. हाडवैद्याकडे वळण घेऊन मग आमच्याकडे येणाऱ्यांना हेच सांगून मी थकले आहे.

मार लागलाय पण मोडलंय का, असा प्रश्न पडला तर एवढंच विचारा: दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का? जोर लावून चावून दाखव म्हणू नका, हलकेच मिटायला सांगा. खालच्या दातांच्या ओळीत पायरी पडलीय का, खालचा ओठ बधिर आहे का, जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलंय का, हेही पाहा. यातलं एक जरी असलं तरी हॉस्पिटल. हनुवटी फुटली म्हणून टाके घालून घरी पाठवलेली लहान मुलंही नंतर तोंड उघडेना म्हणून येतात, तेव्हा दोन्ही कानांसमोर दुखतंय का हे जरूर विचारा. कानातून रक्त येत असेल तर कापूस कोंबू नका.

हळदीच्या दुधाबद्दल फार लिहीत नाही. तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणी नाही, गोळी नाही. ठसका लागतो आणि भूल द्यायला उशीर होतो. तेल चोळणं आणि शेकणं म्हणजे सूज आणि रक्तस्राव वाढवणं. रुमालात गुंडाळलेला बर्फ बाहेरून दहा मिनिटं धरला तर चालतो, तोही न दाबता.

दूध मात्र एका कामाला लागतं. अख्खा दात निघून पडला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, आणि थंड दुधात बुडवून सोबत आणा. अर्ध्या-एक तासात पोचला तर तो परत बसण्याची शक्यता असते. जबडा मोडलेला असताना तो स्वतः खोबणीत घालायला जाऊ नका. आणि जे दात सापडत नाहीत ते किती, ते डॉक्टरांना सांगा. हरवलेला दात कधीकधी छातीच्या एक्स-रेत सापडतो.

मावशी, फ्रिजवर काही लावायचंच असेल तर १०८ नंबर लाव. फोनवर सांगायचं, "जबड्याला मार आहे, तोंडातून रक्त येतंय, बसवून पुढे वाकवून ठेवलंय," म्हणजे येणारी माणसं सक्शन हाताशी ठेवूनच उतरतील.