फोटोवरून खांदा मोजता येत नाही, आणि धड तर त्याहूनही नाही

"माप घ्यायची गरजच नाही. समोरून काढलेला डोक्यापासून पायापर्यंतचा एक फोटो पुरे. उंची माहीत असते, त्या प्रमाणात फोटोवर पट्टी लावली की खांद्याची रुंदी आणि धडाची लांबी निघते. आकडा थोडा चुकला तरी प्रमाण चुकत नाही. खांदे सीटपेक्षा, म्हणजे नितंबांपेक्षा, रुंद दिसले तर बिनपॅडचा ब्लेझर, अरुंद दिसले तर पॅडवाला. धड लांब दिसलं तर ब्लेझर आणि कुर्ता दोन्ही लांब घ्या."

ब्लेझर किंवा कुर्ता घेताना दिला जाणारा हा सल्ला चुकीचा आहे. सुरुवात उंचीवरून काढलेल्या मापापासून करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. ही रीत बरोबर ठरायला एक अट लागते: डोकं, खांदे, कंबर आणि पाय हे सगळे फोटोत एकाच पटीने लहान झालेले असले पाहिजेत. फोन शरीराला अगदी समांतर, उभा धरला तरच तसं होतं. पण घरी फोटो काढणारा माणूस फोन स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर धरतो आणि पाय चौकटीत यावेत म्हणून तो खाली झुकवतो. फोन झुकला की डोकं आणि खांदे लेन्सला जवळ येतात, पाय लांब जातात. जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं लहान.

याचा हिशोब एकदा मांडून बघा. माणसाची उंची 5 फूट 7 इंच, आणि दोन खांद्यांच्या हाडांमधलं सरळ अंतर 16 इंच. फोटो काढणारा 5 फुटांवर उभा आहे, फोन सव्वापाच फूट उंचीवर आहे आणि शरीराच्या मध्यावर रोखलेला आहे. अशा फोटोत खांदे पायांपेक्षा सुमारे दीडपट जवळ असल्यासारखे उमटतात. आता एकूण उंची 67 इंच धरून पट्टी लावली, तर खांदा 16 ऐवजी जवळजवळ 20 इंच निघतो. खांद्यापासून मांड्यांच्या सांध्यापर्यंतचं धड दोन इंचांनी लांब निघतं, पाय सात इंचांनी आखूड होतात, आणि उरलेले पाच इंच डोक्याच्या आणि मानेच्या वाट्याला जातात. ब्लेझरच्या तयार मापांमध्ये एका साइझहून पुढच्या साइझला खांदा साधारण अर्धा इंच वाढतो. इथे चूक चार इंचांची आहे.

मागे सरकल्याने फरक पडतो, पण पूर्ण नाही. तोच फोन त्याच उंचीवरून 10 फुटांवर नेला तर खांदा 17 इंचांच्या थोडा पुढे निघतो. म्हणजे चूक सव्वा इंचावर आली, तरी ती दोन-तीन साइझ इकडची तिकडे करायला पुरेशी आहे.

'प्रमाण चुकत नाही' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ऐकायला ते अगदी शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात झुकलेल्या फोनने आधी प्रमाणच बिघडतं. वरच्याच उदाहरणात 5 फुटांवरून काढलेल्या फोटोत खांदे सीटच्या तुलनेत सुमारे 15 टक्के जास्त रुंद दिसतात. ज्याचे खांदे आणि सीट सारख्याच रुंदीचे आहेत, तो माणूस या फोटोत वरून रुंद आणि खाली निमुळता दिसेल. आता तोच फोन जमिनीपासून फूटभर उंचीवर टेकवून ठेवा, टायमर लावा आणि 5 फुटांवर उभे राहा. यावेळी फोन वर बघतो, सीट लेन्सच्या जवळ येते आणि खांदे सुमारे 10 टक्के अरुंद दिसतात. एकाच माणसाला सकाळच्या फोटोवरून बिनपॅडचा आणि संध्याकाळच्या फोटोवरून पॅडवाला ब्लेझर सुचवला जाईल. सल्ला देणाऱ्याने फोन कुठे होता हे विचारलेलंच नसतं.

पण समजा फोन अगदी सरळ धरला. तरी फोटोत जे दिसतं तो शिवणकामातला खांदा नसतोच. फोटोत दिसते ती बाह्यरेषा, म्हणजे दंडाच्या वरच्या गोल स्नायूचा बाहेरचा काठ. शिंपी जो बिंदू धरतो तो खांद्याच्या हाडाचं टोक, आणि बाहीची शिवण त्या टोकाशी बसवायची असते. स्नायूचा काठ त्या टोकाच्या बराच बाहेर असतो. व्यायाम करणाऱ्या माणसात तर दोन्ही बाजूंचा मिळून फरक तीन इंचांपर्यंत सहज जातो. म्हणून ज्याचे दंड भरलेले आहेत पण हाडं अरुंद आहेत, त्याला फोटोवरून मोठ्या खांद्याचा ब्लेझर मिळतो. मग पॅडचा काठ दंडावरून बाहेर लोंबतो आणि त्याच्याखाली बाहीत खळगा पडतो.

दुसरी गोष्ट, शिवायचं माप सरळ रेषेचं नसतं. ते एका खांद्याच्या हाडापासून मानेखालच्या मणक्याच्या उंचवट्यावरून दुसऱ्या हाडापर्यंत, पाठीच्या वळणावरून घेतात. त्यामुळे 16 इंच सरळ अंतर असलेल्या माणसाचं माप 17 किंवा त्याहून थोडं जास्त येतं. पाठ जितकी वाकलेली, तितकं हे वळण लांब. पुढे झुकून बसायची सवय असलेल्यांच्या अंगावर ब्लेझर पाठीवर ताणतो आणि कॉलर मानेपासून सुटतो, ते यामुळेच. समोरच्या फोटोत पाठ दिसतच नाही. उलट असे खांदे पुढे वळलेले असल्याने ते समोरून अरुंद दिसतात. जिथे पाठीला कापड जास्त द्यायला हवं, तिथे फोटो कमी द्यायला सांगतो.

अंग थोडं तिरकं असलं तरी असंच होतं. 20 अंश वळून उभं राहिलं की 16 इंच 15 होतात, आणि फोटोसाठी उभे राहताना बहुतेक जण इतके वळतातच. अंगावरच्या कपड्यांचं तर विचारायलाच नको: सैल कुर्त्याची उतरलेली शिवण, जॅकेटचा पॅड, सगळं खांदा म्हणून मोजलं जातं.

धडाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. खांदा निदान दिसतो तरी. धड कुठे संपतं हे कपडे घातलेल्या फोटोत दिसत नाही. बघणारा पँटचा पट्टा पाहतो आणि तिथे कंबर धरतो. पँट खाली नेसली असेल तर धड लांब वाटतं, वर असेल तर आखूड. शर्ट बाहेर सोडला असेल तर शर्टाच्या काठावर धड संपल्यासारखं वाटतं. यातलं काहीही शरीराचं माप नाही.

आणि खरोखरच धड लांब निघालं, तरी 'दोन्ही लांब घ्या' हा निष्कर्ष चुकीचाच. ब्लेझरची लांबी ठरवायची जुनी रीत अशी की मानेखालच्या मणक्यापासून जमिनीपर्यंत जे अंतर येईल त्याच्या साधारण निम्मी, आणि मागून सीटचा उभार झाकला जाईल इतकी. धड लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसात सीट खाली येते, म्हणून थोडी लांबी वाढवावी लागते हे खरं. पण त्याहून पुढे गेलात तर आधीच आखूड असलेले पाय आणखी आखूड दिसतात. या माणसाला खरी गरज असते ती बटण खाली घेण्याची. ब्लेझरचं बांधायचं बटण आणि त्याची सर्वांत अरुंद जागा शरीराच्या खऱ्या कमरेशी, बेंबीच्या जरा वर यायला हवी. नेहमीच्या उंचीचा ब्लेझर घेऊन फक्त खाली लांबी वाढवली तर बटण पोटाच्या वरच राहतं आणि त्याच्याखाली दोन्ही पल्ले फाकतात. तयार ब्लेझरमध्ये हे नंतर दुरुस्त होत नाही, कारण बटणाचं काज कापलेलं असतं आणि खिसे आपल्या जागी शिवलेले असतात. बाही आखूड करता येते, कमरेत घेता येतं. खांदा आणि बटणाची जागा मात्र विकत घेतानाच बरोबर हवी.

कुर्त्यात तर धडाचा आणि लांबीचा संबंध आणखी कमी आहे. गुडघ्यापर्यंत की त्याच्या वर, ही आवड आहे. धडावर अवलंबून असतो तो बाजूचा कट कुठून सुरू होतो हा प्रश्न. लांब धडाच्या माणसाला तो कमरेपाशीच सुटतो आणि बसल्यावर कुशी उघडी पडते. आखूड धडाच्या माणसाला तो सीटच्या खाली सुटतो, म्हणून कुर्ता सीटवर अडकून पोटापाशी गोळा होतो. खांद्याचंही तसंच. कापडाच्या सरळ पट्ट्या जोडून शिवलेल्या जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात खांद्याची शिवण दंडावर उतरलेलीच असते. तिथे खांद्याच्या अर्ध्या इंचापेक्षा छातीचा घेर आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाची, खोली जास्त महत्त्वाची, आणि घेर समोरच्या फोटोतून कळत नाही. एकाच रुंदीच्या दोन छात्यांपैकी एक चपटी आणि एक खोल असू शकते.

फोटोचा उपयोग एका गोष्टीसाठी नक्की होतो: खांद्यांचा उतार, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे का, हे बघायला. त्यासाठी फोन बेंबीच्या उंचीवर, 10 फूट दूर, अगदी उभा ठेवा. मागे दाराची चौकट येऊ द्या. फोटोत चौकटीच्या दोन्ही उभ्या कडा वर किंवा खाली एकमेकींकडे कलत असतील तर फोन झुकला आहे, तो फोटो टाकून द्या. अंगात बनियन किंवा घट्ट टी-शर्ट हवा. उतार जास्त असलेल्या माणसाला पॅड थोडा जाड लागतो आणि एक खांदा खाली असेल तर त्या बाजूला वेगळा पॅड. पॅडचा निर्णय उतारावर होतो. खांदे सीटपेक्षा रुंद आहेत की नाहीत याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

मापासाठी मात्र टेप आणि दुसरा माणूस लागतो. हात बाजूला खांद्याच्या पातळीपर्यंत उचला. खांद्याच्या टोकाशी एक खळगी पडते, तिथे खूण करा, तशीच दुसऱ्या बाजूला. हात खाली सोडा आणि मागून मानेखालच्या उंचवट्यावरून खूण ते खूण टेप टाका. मदतीला कोणी नसेल तर अंगावर नीट बसणारा एखादा ब्लेझर किंवा शर्ट पालथा पसरून बाहीच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा. धडासाठी मानेखालच्या उंचवट्यापासून कमरेच्या सर्वांत आत गेलेल्या जागेपर्यंत पाठीवरून माप घ्या. ती जागा सापडत नसेल तर बाजूला झुकून बघा, जिथे घडी पडते तीच कंबर.

ब्लेझर अंगात घातल्यावर भिंतीला कुशीने हळूच टेका. दंडाच्या आधी पॅड भिंतीला लागून दुमडला तर खांदा मोठा आहे. दंड आधी लागला आणि बाहीचा वरचा भाग त्यावर ताणलेला दिसला तर खांदा लहान आहे.