कलम २२७ म्हणजे अपिलाची आणखी एक पायरी नव्हे

"रस्त्याच्या केसमध्ये तहसीलदारानं विरोधात निकाल दिला आणि एसडीओनं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यानंही तोच कायम केला, तरी खचू नका. संविधानाच्या कलम २२७ खाली हायकोर्टाच्या खंडपीठात जा. हायकोर्ट सगळे साक्षीपुरावे नव्यानं तपासतं, मुदतीची अडचण नसते आणि निकाल बदलूनच मिळतो."

असा सल्ला कोणी दिला, तर तो जसाच्या तसा घेऊ नका. त्यातल्या साक्षीपुराव्यापासून सुरुवात करू, कारण खर्च आणि हेलपाटे वाया जातात ते इथेच. समजा जालना जिल्ह्यातल्या एका गावात शेजाऱ्यानं बांधावरची जुनी गाडीवाट नांगरून टाकली. ज्याची वाट गेली, त्यानं मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावला. तहसीलदारानं दोन्ही बाजूंना नोटीस देऊन स्थळपाहणी केली, पंचनामा झाला, जबाब झाले. चार जण म्हणाले, वाट पूर्वापार आहे. दोघे म्हणाले, कधीच नव्हती. तहसीलदारानं चौघांवर विश्वास ठेवला आणि अडथळा काढायला सांगितलं. या कायद्यात अपील नाहीच, कलम २३ खाली रिव्हिजन, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून आदेशाची फेरतपासणी आहे. शेजाऱ्याचं ते रिव्हिजन एसडीओनं फेटाळलं.

आता शेजारी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊन म्हणाला, "त्या दोघांचंच खरं होतं," तर तिथे त्याचं काही चालायचं नाही. अपिलाचं न्यायालय साक्षीदार पुन्हा तोलतं. दिवाणी दाव्यातल्या पहिल्या अपिलात जिल्हा न्यायाधीशाला प्रत्येक जबाब वाचून स्वतःचं मत बनवता येतं. संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालची सत्ता मात्र देखरेखीची आहे. खालची न्यायालयं आणि न्यायाधिकरणं आपल्या अधिकाराच्या हद्दीत राहतात की नाही, एवढं ती पाहते. ती क्वचित वापरायची, साध्या चुका दुरुस्त करण्यासाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच वरयाम सिंग प्रकरणात सांगितलंय. दोन मतं शक्य असतील आणि तहसीलदारानं त्यातलं एक घेतलं असेल, तर न्यायमूर्तींना स्वतःला दुसरं पटलं तरी ते सहसा हात लावत नाहीत.

याचा अर्थ याचिका नेहमीच फुकट जाते, असं नाही. त्याच केसमधले तपशील जरा बदलून पाहा. स्थळपाहणीची नोटीस शेजाऱ्याला दिलीच नाही आणि निकाल मात्र त्याच पंचनाम्यावर उभा आहे. किंवा अडथळा होऊन दीड वर्ष झालं, कलम ५ खाली सहा महिन्यांत दावा लावायला हवा होता, तरी तो चालवला. किंवा जुनी वाट नव्हतीच, पण शेतात जायला सोय हवी म्हणून कलम ५ खालीच नवा रस्ता काढून दिला. नव्या रस्त्यासाठी महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, त्याची चौकशी वेगळी आणि कसोटीही वेगळी. या तिन्हींत प्रश्न कोण खरं बोललं हा नाही, तर तहसीलदाराला तसा आदेश देता येत होता का, हा आहे. अशी याचिका उभी राहते. अशी चूक सहसा आदेशाच्या कागदावरून आणि रोजनाम्यावरून, म्हणजे कामकाजाच्या तारीखवार नोंदीवरूनच दिसते, त्यासाठी नवा साक्षीदार लागत नाही.

मुदतीचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. २२७ साठी कायद्यात ठरलेले दिवस नाहीत, पण विनाकारण उशीर केला तर त्या एका मुद्द्यावरही याचिका फेटाळली जाऊ शकते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेत अपील असेल आणि ते चुकवून कोणी २२७ कडे वळलं, तर सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ही आडवाट जवळपास बंदच केली. याचिका नुसती दाखल झाल्यानं आदेश थांबत नाही, हेही लोक विसरतात. स्थगिती वेगळी मागावी लागते, नाहीतर याचिका सुनावणीच्या बोर्डावर येण्याआधीच वाट मोकळी झालेली असते.

आणि निकाल बदलून मिळण्याबद्दल. याचिका मंजूर झाली तरी पुष्कळदा आदेश रद्द होतो आणि प्रकरण परत तहसीलदाराकडे जातं, नोटीस देऊन, पुन्हा पाहणी करून ठरवायला. चौघे साक्षीदार तेव्हाही तिथेच असतात.

ज्याचं खरं गाऱ्हाणं पुराव्याबद्दल आहे, त्याला रस्ता दुसरीकडे आहे. मामलेदार न्यायालय अधिनियमाच्याच कलम २२ प्रमाणे तहसीलदाराचा आदेश दिवाणी न्यायालय वेगळं ठरवेपर्यंतच टिकतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वहिवाटीच्या हक्काचा दावा लावला, तर उलटतपासणी होते, जुने नकाशे पाहिले जातात, आणि त्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात खरंखुरं अपील करता येतं.