दहा हजाराचे साडेसहा हजार होतात कुठे?

‘भाऊ हो, पावर बँकवाले लुटून राह्यले. डब्यावर 10000 एमएएच, मोबाईल 5000 चा, म्हणजे दोनदा फुल झालाच पाहिजे. होते दीडदा. अर्धे सेल आत टाकतच नाहीत. फास्ट चार्जिंगला लावून मीटरने मोजलं तर साडेतीन हजारच निघाले! यापेक्षा बाजारातला 20000 वाला घ्या, तीनशे रुपयांत मिळते. पुढे पाठवा.’

हा मेसेज आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या निम्म्या ग्रुपांवर फिरून आला. ओलिताची पाळी रात्रीची, घरी लाईनचा भरवसा नाही, त्यामुळे पावर बँक जवळपास घरोघरी आहे आणि राग समजण्यासारखा आहे. हिशोब मात्र चुकला आहे.

आधी डब्यावरच्या आकड्याचं बघू. 10000 हा आकडा आतल्या लिथियम सेलचा असतो, आणि तो सेलच्या सरासरी 3.7 व्होल्टला धरलेला असतो. यूएसबीच्या तोंडातून मात्र 5 व्होल्ट बाहेर पडायला हवेत. नुसते एमएएच मोजणं म्हणजे सोयाबीनची पोती मोजायची आणि पोतं किती किलोचं ते विचारायचंच नाही. खरा माल वॅट-अवरमध्ये कळतो: 10 अँपिअर-अवर गुणिले 3.7 व्होल्ट, म्हणजे 37 वॅट-अवर. हेच 37 वॅट-अवर 5 व्होल्टने द्यायचे तर काहीही वाया न जाता 7400 एमएएचच भरतात. इथपर्यंत कोणी एक पैसाही चोरलेला नाही.

आता वाया जातं ते. सेल फुल असताना 4.2 व्होल्टवर असतो आणि रिकामा होत 3 च्या आसपास येतो. त्यातून सतत 5 व्होल्ट काढायला आत एक छोटं सर्किट असतं: एक कॉइल आणि सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारा स्विच. व्होल्टेज वाढवायचं तर सेलकडून जास्त करंट ओढावाच लागतो. मोबाईल 5 व्होल्टला 2 अँपिअर घेत असेल तर ते 10 वॅट झाले. सर्किटची कार्यक्षमता 90 टक्के धरली तरी सेलमधून 11 वॅट निघतात, म्हणजे 3.7 व्होल्टला 3 अँपिअर. बाहेर दोन, आतून तीन! सेल उतरून 3.3 व्होल्टवर आला की ओढ आणखी वाढते. वरचा तो एक वॅट उष्णता होऊन जातो. चार्जिंग चालू असताना पावर बँक कोमट लागतो त्याचं हे एक कारण.

बऱ्या सर्किटमध्ये एकूण 10 ते 15 टक्के असे जातात. 37 मधून 13 टक्के गेले की तोंडाशी 32 वॅट-अवर मिळतात, म्हणजे 5 व्होल्टला सुमारे 6400 एमएएच. चांगल्या कंपन्या हाच आकडा मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापतात. मोठ्या अक्षरांत छापत नाहीत, तेवढी चलाखी मला मान्य आहे.

पुढे मोबाईल आत आलेले 5 व्होल्ट पुन्हा उतरवून आपल्या बॅटरीला देतो. तिथेही दहा-बारा टक्के जातात आणि 28 च्या आसपास उरतात. 5000 एमएएचची बॅटरी सुमारे 3.85 व्होल्टची असते, म्हणजे ती भरायला 19 वॅट-अवर लागतात. 28 भागिले 19: दीडदा. तक्रार ज्या आकड्याची होती, तोच चांगल्या मालाचा आकडा निघाला. केबल बारीक असेल किंवा चार्जिंग होताना व्हिडिओ चालू असेल तर त्याहूनही कमी होईल.

साडेतीन हजारांची गोष्ट तर आणखी सोपी आहे. फास्ट चार्जिंगला व्होल्टेज अनेकदा 9 होतं. 32 वॅट-अवरला 9 ने भागा, साडेतीन हजारच येतात. मीटर खोटं बोलत नाही, पण बघणाऱ्याने चुकीची ओळ बघितली. त्याच मीटरवर ‘डब्ल्यूएच’ची ओळ असते, ती 5 आणि 9 दोन्ही व्होल्टला जवळपास सारखीच येते. 37 वाल्यातून, नवा असताना, 25 पण निघत नसतील तर मग खुशाल भांडा.

राहिला तीनशे रुपयांचा 20000 वाला. स्वस्त डब्यांत बहुधा 18650 नावाचे गोल सेल असतात. असा एक चांगला सेल जेमतेम 3500 एमएएचचा आणि साधारण 45 ते 50 ग्रॅमचा असतो. म्हणजे 20000 साठी किमान सहा सेल, नुसत्या सेलचंच वजन 270 ते 300 ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर तो डबा ठेवून बघा. दीडशे ग्रॅम भरला तर दुकानदाराला परत द्या.