शकात ७८ मिळवून तारीख निघत नाही

“फोटोतल्या कागदावर शके दिसला की त्यात ७८ मिळवा. चैत्र म्हणजे एप्रिल धरून पुढचे महिने ओळीने लावा, तिथीचा आकडा हीच तारीख. पंचांग उघडायची गरज नाही.” जुन्या मराठी कागदाची इंग्रजी तारीख काढण्यासाठी असा सल्ला दिला जातो.

ही रीत एका पक्क्या दिवसावर लावून पाहू. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, बुधवार या दिवशी झाली. वरच्या रीतीने उत्तर येते ८ जानेवारी १७६०, आणि त्या दिवशी मंगळवार होता. खरी तारीख १४ जानेवारी १७६१ आहे. म्हणजे चूक एका वर्षाची आणि वर सहा दिवसांची आहे.

वर्षाची चूक ७८ या आकड्यामुळे होते. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि इसवी सन मात्र १ जानेवारीला बदलतो. म्हणून पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. माघ आणि फाल्गुन यांत सहसा अडचण येत नाही. पौष मात्र कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत, त्यामुळे तो कागदावर दिसला की थांबून तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणारी जंत्री पाहावीच लागते.

सहा दिवसांची चूक तिथीला तारीख मानल्यामुळे होते. चांद्रमास अमावास्येनंतर सुरू होतो आणि त्याचा इंग्रजी महिन्याच्या एक तारखेशी काही संबंध नाही. शिवाय तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, आणि अधिक मास आला की पुढचे सगळे महिने सरकतात. शके १९४५ मध्ये अधिक श्रावण आणि निज श्रावण असे दोन श्रावण आले होते. ज्या कागदावर नुसते ‘श्रावण शुद्ध’ असेल, त्याला अशा वर्षी दोन तारखा संभवतात. पक्षाचे अक्षर निसटले तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ‘शु॥’ आणि ‘व॥’ यांत साधारण पंधरा दिवसांचे अंतर आहे. फोटोत हेच बारीक अक्षर आधी पुसट होते.

सरकारी राजपत्रावरचा शके पुन्हा वेगळा. १९५७ पासून चालू असलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सौर आहे. तीत १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षात २१ मार्चला. ‘माघ ६, शके १९४५’ म्हणजे २६ जानेवारी २०२४. पंचांगात त्याच दिवशी पौष वद्य प्रतिपदा होती. ओळखायची खूण सोपी आहे: शुद्ध-वद्य लिहिलेले नसते आणि आकडा १५ च्या पुढेही जातो. इथे पंचांग लागत नाही खरे, पण म्हणून जुन्या खरेदीखतालाही हाच हिशेब लावणे चूक आहे.

पंचांग टाळण्याच्या सल्ल्यात मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की त्यामुळे कागदानेच दिलेली पडताळणीची साधने वाया जातात. समजा फोटोत शकाचा तिसरा अंक घडीखाली गेला आहे आणि ‘१६?२’ एवढेच दिसते. शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. कागदावर विक्रम वाचता येत असेल, तर तो साठांतला चौदावा. दहा शक्यतांपैकी १६२२ आणि १६८२ या दोघांतच बाकी १४ उरते. त्यांच्यात नेमके ६० वर्षांचे अंतर असल्यामुळे संवत्सर यापुढे मदत करत नाही. पण कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी संख्याशब्दांत लिहिलेले सुहूर सन असेल, तर एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१ होतात. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला मृगाबरोबर बदलते. जून ते डिसेंबर ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवायचे, म्हणजे पौषासाठी १७६१. शके १६८२ ठरला.

सतराव्या शतकातल्या कागदाला आणखी एक काळजी लागते. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार ही शिवजन्माची तिथी १९ फेब्रुवारी १६३० अशी दिली जाते ती जुन्या ज्युलियन गणनेने. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्चला येतो. म्हणून तारखेपुढे गणना कोणती ते लिहावे. दोन्ही गणनांत वार एकच राहतो.

शेवटी वार जुळवावा. जंत्रीतली तारीख कागदावरच्या वाराशी एका दिवसाने चुकली, तर तिथी सूर्योदयाची धरली होती की प्रसंगाच्या वेळची, हे पाहावे आणि वाराला धरून चालावे. फरक दोन दिवसांचा किंवा अधिक असेल, तर फोटो मोठा करून आधी पक्ष, मग महिना आणि मग शकाचा एकेक अंक पुन्हा वाचावा.