परदेशातून : टाचणी, आडोसा आणि साडेबाराची वेळ

"धाकटी नीटला बसतेय. डोक्याला स्कार्फ असतो, बाह्या मनगटापर्यंत. चालेल का, की गेटवरच काढायला लावतील? तुमच्या इंग्लंडात काय करतात?" – शाळेतली मैत्रीण, व्हॉट्सॲपवर

चालेल, पण दुपारी साडेबाराच्या आत केंद्रावर पोचली तर. गेट दीडला बंद होतं आणि पेपर दोनला सुरू होतो. बाकीची मुलं दीडपर्यंत येऊ शकतात. धार्मिक किंवा पारंपरिक वेशातल्यांनी तासभर आधी यावं, असं गेल्या काही वर्षांच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. तिच्या हॉल तिकिटावरची वेळ मात्र स्वतः वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

माझ्या भावाचं म्हणणं, "नियमात परवानगी आहे ना, मग सव्वाला गेली तरी अडवतील कशाला?" तो अर्धा बरोबर आहे. परवानगी आहेच, पण ती झडतीसकट आहे आणि झडतीला वेळ लागतो. 2024 मध्ये 23 लाखांवर मुलं साधारण 4,750 केंद्रांवर बसली, म्हणजे एका केंद्रावर सरासरी पाचशे. त्यातली निम्मी शेवटच्या अर्ध्या तासात आली, तर गेटवर दर मिनिटाला आठ जणांना आत सोडावं लागतं. त्या रांगेत एका मुलीचा स्कार्फ नीट तपासायला तीन-चार मिनिटं कोण देणार? मग घाईतला माणूस सोपा मार्ग काढतो : "काढ तो, नाहीतर बाहेर थांब."

माझी मावसबहीण शिक्षिका आहे. दोनदा ती केंद्रावर मुलींच्या आडोशाला उभी होती. मुलींची झडती बायकांनीच, बंद आडोशात आणि हातातल्या मेटल डिटेक्टरने घ्यायची असते. ती म्हणाली, "स्कार्फचं काही नसतं गं, टाचण्यांचं असतं. दांडी कानाजवळ नेली की ती वाजते. वाजली की मला कारण शोधावंच लागतं." म्हणून स्कार्फ टाचणीविना बसणारा, शिवलेला, डोक्यावरून ओढून घ्यायचा असू दे. कपड्यांना धातूचे हुक, मोठी बटणं नकोत. बूट नकोत, चपला चालतात.

हे सारं आलं कुठून? 2015 साली, नीटच्या जागी तेव्हा असलेल्या एआयपीएमटी परीक्षेत, बनियनमध्ये शिवलेल्या सिम आणि ब्लूटूथवरून उत्तरं सांगण्याचा प्रकार उघडकीस आला. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द केली आणि सहा लाखांवर मुलांसाठी ती पुन्हा घ्यावी लागली. त्या फेरपरीक्षेसाठी अर्ध्या बाह्यांची सक्ती आली. तेव्हाच केरळ उच्च न्यायालयाने दोन मुलींना पूर्ण बाह्या आणि स्कार्फची मुभा दिली, अट अशी की अर्धा तास आधी यायचं आणि गरज पडली तर बाईकडून तपासून घ्यायचं. आजच्या साडेबाराच्या नियमाचा सांगाडा मला त्या अटीत दिसतो.

आता इंग्लंडचं. मी इथे उन्हाळ्यात एका शाळेत पर्यवेक्षणाला जाते. नकाबवाली मुलगी आली की मी तिला बाजूच्या खोलीत नेते, ती चेहरा दाखवते, मी ओळख पटवते, ती पुन्हा झाकून घेते. मिनिटभराचं काम. डिटेक्टर नाही. घड्याळ आणि फोन मात्र आत नाहीच. उशिरा आलेल्यालाही इथे लगेच परत पाठवत नाहीत. तासाहून जास्त उशीर झाला तर बोर्डाला कळवायचं, पेपर धरायचा की नाही ते बोर्ड ठरवतं. पण "बघा, परदेशात कसं सुसंस्कृत!" असं मी म्हणणार नाही. इथली बहुतेक मुलं शाळेची रोजची. नीटच्या केंद्रावर सगळे अनोळखी, आणि एका दुपारच्या पेपरवर डॉक्टरकी ठरते.

माझी तक्रार झडतीबद्दल नाही, आडोशाबद्दल आहे. 2022 मध्ये केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यात हुक वाजले म्हणून मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली. पुढे अटका झाल्या, फेरपरीक्षा झाली. नियम तेव्हाही होता, पण दांडी हातात असलेल्या माणसांपर्यंत तो पोचला नव्हता. मुलीने तासभर आधी यायचं, तर केंद्राने त्या तासाला आडोसा आणि शिकवून ठेवलेली बाई हजर ठेवायला हवी. एकाच बाजूने वेळ पाळायची, हे मला पटत नाही.

भावाने मध्येच घातलं, "नीटमध्ये जानवंही काढायला लावलं म्हणे." 2025 मध्ये कर्नाटकात आधी सीईटीला तसं झालं, मग कलबुर्गीत नीटलाही. त्याचा मुद्दा खराच आहे : सुती दोऱ्यावर दांडी वाजत नाही, मग तो कोणाच्या हुकमाने काढायला लावला? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मंगळसूत्र काढायचं असेल तर मी नाही बसणार," आणि भाजी निवडत राहिली.

मैत्रिणीचा काल फोटो आला. धाकटीने शिवलेला स्कार्फ घातलाय. खाली लिहिलंय, "टाचणी एकही नाही. पण आत गेल्यावर बाई म्हणाल्या काढ, तर काढू का?" मावसबहिणीला विचारलं. ती म्हणते, आडोशात बाईसमोर काढून लगेच घालायला हरकत नसावी. मैत्रीण म्हणते, ते धाकटी ठरवेल.